शेवटचा महिना: रात्रीचा कुठला तास कामाचा आणि कुठला वाया, हे कसं ठरवायचं

परीक्षा महिन्यावर आली की घरोघरी दोन वाद सुरू होतात. एक फोनवरून आणि दुसरा जागरणावरून. आई-वडील म्हणतात, “फोन ठेव आणि झोप.” मुलं म्हणतात, “व्हिडिओ बघून अभ्यासच करतोय, आणि रात्रीच तर शांतता मिळते.” दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, म्हणून वाद मिटत नाही. तो मिटवायला मोजमाप लागतं. किती वाजेपर्यंत जागावं याचा सगळ्यांना लागू पडेल असा आकडा कुणी देऊ शकत नाही, पण तुमचा स्वतःचा आकडा आठवडाभरात काढता येतो. कसा, ते खाली लिहितो. वही, पेन आणि फोनमध्ये आधीपासून असलेली एक सोय एवढ्यावर भागतं.

आधी पेपरच्या वेळेपासून उलटं मोजा

बहुतेक जण आजच्या रात्रीपासून विचार सुरू करतात. किती धडे उरलेत, आज कितीपर्यंत बसावं लागेल, वगैरे. त्याऐवजी पेपरच्या दिवसापासून मागे या. पेपर सकाळी साडेदहाला असेल तर त्या वेळी डोकं पूर्ण जागं हवं. उठल्याउठल्या पहिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ, डोक्यावर झोपेचा अंमल असतो. शिवाय आवरणं, खाणं, केंद्रावर पोचणं आहेच. म्हणजे पावणेसातला उठणं ओघाने आलं.

आता त्यातून झोप वजा करा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि त्यापुढच्यांना किमान ७ तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. या पट्ट्यात तुम्ही कुठे बसता, ते ओळखायची साधी खूण आहे. लांबच्या सुट्टीत पहिले दोन-तीन दिवस माणूस मागची थकबाकी भरून काढतो, ते सोडून द्या. त्यानंतर गजराशिवाय जितके तास झोपत होता, ती तुमची खरी गरज. ती आठ तास धरली तर पावणेसातला उठणाऱ्याने पावणेअकराला झोपलेलं असायला हवं.

हे वेळापत्रक आजपासूनच पाळा, असं मी म्हणत नाही. ते परीक्षेच्या आदल्या आठवड्याचं आहे. महिना हातात असताना करायचं ते एवढंच, की आज जिथे आहात तिथून हळूहळू तिथवर पोचायचं. आज दोनला झोपणारा आणि आज साडेअकराला झोपणारा यांचा रस्ता वेगळा, म्हणून पुढची पायरी महत्त्वाची.

तीन दिवस काहीही न बदलता नोंद ठेवा

काहीही न बदलता, हे मुद्दाम सांगतोय. नोंद ठेवायची म्हटल्यावर माणूस लगेच शहाण्यासारखा वागायला लागतो आणि मग खोटे आकडे हाती येतात. नेहमी जसे वागता तसेच वागा, फक्त लिहून ठेवा.

वहीच्या शेवटच्या पानावर रोज चार वेळा लिहायच्या. पुस्तक मिटलं कधी, फोन खाली ठेवून डोळे मिटले कधी, गजर वाजला कधी आणि खरोखर अंथरूण सोडलं कधी. पहिल्या दोन वेळांमध्ये जे अंतर पडतं ते पाहून बऱ्याच जणांचे डोळे उघडतात. “मी दीडपर्यंत अभ्यास केला” असं सांगणारा प्रत्यक्षात सव्वादोनला झोपलेला असतो, आणि तो पाऊण तास कुठल्याच हिशेबात नसतो.

फोनची नोंद फोनच ठेवतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये Digital Wellbeing उघडा, आयफोनवर Screen Time. एकूण तासांवर फार थांबू नका, कारण त्यात अभ्यासाचे व्हिडिओ आणि टाइमपास यांची सरमिसळ असते. कुठल्या अॅपवर किती वेळ गेला आणि दिवसातून किती वेळा फोन उघडला, हे दोन आकडे टिपा. उघडण्याचा आकडा अँड्रॉइडवर Unlocks म्हणून दिसतो, आयफोनवर Pickups म्हणून फोन उचलण्याचा आकडा असतो. माझ्या मते शेवटच्या महिन्यात तासांपेक्षा हाच आकडा जास्त बोलतो. सलग चाळीस मिनिटं रील बघणाऱ्याची चाळीस मिनिटं जातात. दर दहा मिनिटांनी एक मिनिट डोकावणाऱ्याची मात्र अख्खी दुपार जाते, कारण प्रत्येक वेळी गणित कुठे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरुवात करावी लागते.

तीन दिवस झाले की फोनच्या वेळेचे तीन भाग करा. पहिल्या भागात हातात पेन होतं असा वेळ, म्हणजे व्हिडिओ थांबवून गणित सोडवलं, सराव चाचणी दिली, उत्तरपत्रिका ताडून पाहिली. दुसऱ्या भागात नावाला अभ्यास असलेला वेळ. दीड तासाचं व्याख्यान आडवं पडून पाहिलं, अभ्यासाच्या ग्रुपवर कोणाचं किती झालं याची चौकशी केली, शेवटच्या महिन्याचं नियोजन सांगणारे व्हिडिओ एकामागून एक बघितले. तिसऱ्या भागात उरलेलं सगळं. यात दुसरा भाग सगळ्यात फसवा. तिसरा वाया जातो हे आपल्याला माहीत तरी असतं.

रात्रीच्या तासाची परीक्षा घ्या

हीच या सगळ्यातली मुख्य पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रात्री जागून केलेला अभ्यास होतो का? बसल्या जागी तरी होतो असंच वाटतं. शांतता असते, कोणी हाक मारत नाही, पानं भराभर उलटतात. पण पानं उलटणं आणि पेपरात आठवणं यांत फरक आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग या बाबतीत वारंवार सांगितला जातो. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं. रात्री उशिरा माणूस बहुधा नुसतं वाचतो, कारण आठवून लिहायची ताकद उरलेली नसते. म्हणून त्या वेळचं समाधान विश्वासाचं नाही.

तेव्हा आता असं करा. तीन दिवस रोज तीन वेळांना अभ्यासातून दहा-दहा छोटे प्रश्न काढून ठेवा. पहिली वेळ संध्याकाळची, दुसरी रात्री अकराच्या आसपासची आणि तिसरी तुम्ही सगळ्यात उशिरा बसता ती. प्रश्न अभ्यास संपल्याबरोबर, पुस्तक उघडं असताना काढायचे. व्याख्या, सूत्र, कारण, आकृतीतला भाग, दोन ओळींचं गणित, असे एका वाक्यात उत्तर येणारे. तिन्ही वेळी विषय एकच ठेवा, निदान सारख्या अवघडपणाचा तरी. संध्याकाळी गणित आणि रात्री इतिहास असं केलंत तर तुलनेला अर्थ राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या त्या अभ्यासाला साधारण अठरा-वीस तास झाले की पुस्तक मिटून उत्तरं लिहा आणि दहापैकी गुण द्या. अंतर सारखं ठेवणं गरजेचं आहे. संध्याकाळी सहाचे प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आणि रात्री एकचे प्रश्न रात्री नऊला, अशा हिशेबाने सोडवा. सगळे एकदम सोडवलेत तर रात्रीचे प्रश्न ताजे असल्यामुळे उगाच सरस ठरतील.

तीन दिवसांचे गुण एकाखाली एक लिहिले की उत्तर समोर दिसतं. उशिराच्या वेळेचे गुण संध्याकाळच्या जवळपास असतील तर तो तास कामाचा आहे. निम्म्यावर आले असतील तर तो अभ्यास तुम्हाला पुन्हा करावाच लागणार, म्हणजे त्या तासाची किंमत तुम्ही दोनदा मोजताय. अधलेमधले असतील तर त्या वेळी नवं काही न शिकता हलकं काम ठेवावं, जसं की उद्याच्या प्रश्नांची यादी करणं किंवा चुकलेल्या उत्तरांची वही लावणं.

एक फट मात्र या परीक्षेत राहते. काही जणांचे रात्रीचे गुण खरोखर चांगले येतात. ते खूश होतात, पण हिशेब सकाळी चुकता होत असतो. रात्री दोनपर्यंत छान अभ्यास झाला आणि सकाळचे तीन तास पेंगण्यात गेले, तर मिळवलं काय? म्हणून उशिरा जागलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी आणि वेळेवर झोपलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी सारख्या प्रकारची दहा गणितं किंवा एक छोटा सराव भाग घड्याळ लावून सोडवा. चुका आणि लागलेला वेळ, दोन्ही लिहा. जागरणाच्या सकाळी हातचा विसरणं, चिन्ह चुकणं, प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटणं, असल्या चुका वाढलेल्या दिसतात. न येणाऱ्या प्रश्नांचे गुण गेले तर समजू शकतो. येत असलेल्या प्रश्नाचे असे गेले की हळहळ वाटते.

“मला सवय आहे” यावर विश्वास ठेवू नका

“मला पाच-सहा तास पुरतात, सवय झालीय” हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं आणि रोज त्यांच्या सावधपणाच्या चाचण्या घेतल्या. कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली. शेवटी ती रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. पण तुम्हाला किती झोप येतेय, असं विचारलं की ते पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ तेच उत्तर देत राहिले. म्हणजे घसरण चालू राहते आणि तिची जाणीव मात्र थांबते. सवय होते ती या न जाणवण्याची.

म्हणून बाहेरून दिसणाऱ्या खुणा बघा. गजर दोनदा-तीनदा पुढे ढकलावा लागतो. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जाते. दुपारी पुस्तक घेऊन बसल्यावर पाच मिनिटांत मान कलते. सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा दोन तासांहून जास्त झोप लागते. यातल्या दोन खुणा आठवड्यातून तीन-चार दिवस दिसत असतील तर जागरण जास्त होतंय. त्यासाठी वरच्या चाचणीचीही वाट बघायला नको.

एक उदाहरण आकड्यांसकट

समजा सतरा वर्षांचा एक मुलगा आहे, पेपर सकाळी साडेदहाचा, परीक्षेला तीस दिवस बाकी. त्याच्या तीन दिवसांच्या नोंदीची सरासरी अशी निघाली: पुस्तक मिटलं १.४० ला, डोळे मिटले २.१० ला, गजर ७.३० चा, अंथरूण सोडलं ७.५० ला. झोप पाच तास चाळीस मिनिटं, तीही गजरानंतरच्या तुकड्या-तुकड्यांच्या झोपेसकट. फोन रोज चार तास दहा मिनिटं. त्यातले एक तास चाळीस मिनिटं व्हिडिओ, पन्नास मिनिटं ग्रुपवर आणि एक तास चाळीस मिनिटं इतर. फोन दिवसातून ऐंशीच्या वर वेळा उघडलेला.

प्रश्नांचे गुण आले ते असे. संध्याकाळी पाच ते सातच्या अभ्यासाला ८, ७ आणि ८. रात्री साडेदहा ते पावणेबाराला ७, ७ आणि ६. सव्वाबारा ते दीडला ४, ३ आणि ४.

इथे रेघ कुठे ओढायची हे सांगायला नको. पावणेबारापर्यंतचा अभ्यास जवळपास संध्याकाळच्या तोडीचा आहे. तो बंद करायला लावणं म्हणजे उगाच छळ. पुढचे दोन तास मात्र निम्म्याच किमतीचे. ते सोडून दिले तर रोजचा तासाभराचा खरा अभ्यास कमी होतो असं धरू. तो भरून कुठून काढायचा?

पहिली जागा दुसऱ्या भागातली, व्हिडिओंची. तो अख्खी व्याख्यानं पुन्हा बघत होता. शेवटच्या महिन्यात आधी प्रश्न सोडवायचा आणि अडला तर तेवढाच तुकडा बघायचा, असं केलं की एक तास चाळीस मिनिटांची पन्नास मिनिटं होतात. दुसरी जागा सकाळची. ७.५० ला उठून तो साडेनऊपर्यंत सुस्तच असायचा. बाराला झोपून साडेसातला उठला तर साडेआठला पेन हातात येऊ शकतं. म्हणजे दोन तास सोडले आणि जवळपास तेवढेच, पण चांगल्या प्रतीचे परत मिळाले. फोनच्या इतर वेळेला अजून हातही लावलेला नाही.

त्यानंतरच्या दहा दिवसांत झोपायची वेळ बारावरून पावणेअकरावर आणि उठायची साडेसातवरून पावणेसातवर आणायची. झोप साडेसात तासांवरून आठ होते. उरलेले दिवस त्याच वेळापत्रकावर.

झोप मागे कशी आणायची

एका रात्रीत सव्वा तास लवकर झोपायला गेलात तर अंधारात टक्क जागे पडून राहाल. किशोरवयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं, त्यात आळसाचा भाग कमी. म्हणून दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं, एवढ्याच चालीने जा. सुरुवात उठण्यापासून करा, झोपण्यापासून नको. ठरलेल्या वेळी उठून लगेच बाहेरच्या उजेडात पंधरा-वीस मिनिटं काढली की शरीराचं घड्याळ पुढच्या रात्री थोडं लवकर झोप आणतं. रविवारी दहापर्यंत लोळलात तर आठवड्याची कमाई एका सकाळी जाते, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

दुपारी डुलकी हवीच असेल तर तीनच्या आत घ्या आणि वीस मिनिटांचा गजर लावा. दीड तास झोपलात तर रात्रीची झोप उधार घेतल्यासारखं होईल.

चहा-कॉफीचं गणितही इथेच येतं. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही शरीरात असतं, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त वेळ. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलेल्यांची झोप तासाहून जास्त कमी झाली होती. ही मात्रा मोठी आहे, तीन-चार कप कडक कॉफीइतकी. पण दिशा कळते. पावणेअकराला झोपायचं असेल तर शेवटचा कप दुपारी तीनच्या आत. जागरणासाठी रात्री दहाला घेतलेली कॉफी दोन तास जागवते आणि नंतरचे दोन तास झोपूही देत नाही.

लवकर आडवं होऊनही झोप लागली नाही तर तळमळत पडू नका. वीसेक मिनिटांनी उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं, कागदावरचं वाचा, पेंग आली की परत जा. फक्त ते वाचन अभ्यासाचं नको. नाहीतर अंथरुणात डोकं धड्याच्या मागे लागतं.

आता फोनचं

झोप आणि पडद्याचा निळा उजेड यावर इतकं बोललं जातं की लोक पिवळ्या काचेचे चष्मे घेऊन निश्चिंत होतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. फरक आहे, पण तो दहा मिनिटांचा. फोनमुळे जाणारा तास त्या उजेडाने जात नाही. फोनला शेवटचं पान नसतं, म्हणून तो जातो. धडा संपतो, फीड संपत नाही. तेव्हा रंग पिवळा करून फोन उशाशी ठेवण्यापेक्षा तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं कितीतरी उपयोगाचं. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. “फोन गजरासाठी लागतो” या एका सबबीवर पुष्कळ रात्री गेल्या आहेत.

रात्रीच्या अभ्यासाला फाइल लागत असेल तर ती नऊच्या आधी डाउनलोड करून विमान मोड लावा, किंवा तेवढी पानं छापून घ्या. शंका आली की लगेच ग्रुपवर टाकू नका. कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या अर्ध्या तासात सगळ्या एकदम विचारा. निम्म्या शंका तोवर तुमच्या तुम्हीच सोडवलेल्या असतात. शिवाय रात्री साडेअकराला “तुझे किती धडे झाले?” हा निरोप वाचून झोप उडण्याचा प्रकारही टळतो.

करमणुकीचा फोन किती चालेल? मला विचाराल तर रोज पाऊण ते एक तास, दोन ठरलेल्या वेळांत. एक दुपारच्या जेवणानंतर, एक संध्याकाळी, अभ्यास पूर्ण थांबलेला असताना. दोन अभ्यासांच्या मधल्या दहा मिनिटांत मात्र फोन नको. तिथे उठून चालावं, पाणी प्यावं, खिडकीबाहेर बघावं. फोन हातात घेतला तर त्या दहा मिनिटांची कधी चाळीस होतात ते कळत नाही, आणि डोळ्यांनाही विसावा मिळत नाही. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे चुरचुरतात आणि कपाळ दुखतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहाएक मीटर लांबच्या वस्तूकडे बघायचा नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. दिवसाचे चार तास पडद्यावर जाणार असतील तर तो पाळावाच.

फोन पूर्ण बंद करायचा घाट मी तरी घालू नये म्हणेन. ज्यांना खरोखर जमतं त्यांनी करावं. बाकीच्यांचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होतं की दिवसभर धरून ठेवलेलं मन रात्री पांघरुणात सुटतं आणि मग दोन वाजतात. दिवसा तासभर मोकळेपणाने दिलेला फोन रात्रीच्या दोन तासांपेक्षा स्वस्त पडतो. दर रविवारी Unlocks किंवा Pickups चा आकडा बघा. ऐंशीचा पन्नासवर आला तर मर्यादा काम करतेय. वेळ कमी झाला पण आकडा तसाच राहिला, तर डोकावणं चालूच आहे, आणि मग अभ्यासाच्या वेळी फोन खोलीबाहेर ठेवावा लागेल.

एखादं जागरण कधी चालतं

परीक्षा तीन आठवडे दूर असताना एखादा मोठा भाग संपतच आलाय, डोकं चाललंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही, अशी एखादी रात्र एकपर्यंत गेली तर बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभराच्या आतच उशिरा उठायचं आणि रात्री थोडं लवकर झोपायचं. आठवड्यातून दुसऱ्यांदा तसं करावंसं वाटलं तर अडचण वेळापत्रकात आहे. तेव्हा यादीतलं काय सोडायचं ते ठरवा. शेवटच्या सात रात्री मात्र एकही नको.

आदल्या रात्रीबद्दल एक दिलासा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या विद्यार्थ्यांच्या झोपेची नोंद मनगटी उपकरणांनी ठेवली आणि गुणांशी ताडून पाहिली. परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. परीक्षेपूर्वीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा दिसला. तेव्हा आदल्या रात्री धाकधुकीने झोप लागली नाही तर घाबरून जाऊ नका, आधीचे तीस दिवस नीट गेले असतील तर ते तुमच्या पदरी आहेत. उलटंही तितकंच खरं. महिनाभर पाच तास झोपून शेवटच्या रात्री नऊ तास झोपल्याने भरपाई होत नाही.

घरच्यांसाठी थोडं

रात्री बाराला दारात उभं राहून “झोप आता” म्हणण्यापेक्षा दुपारी शांतपणे त्या दहा प्रश्नांचे गुण एकत्र बघा. मुलाच्या स्वतःच्या हातचे ४, ३, ४ हे आकडे तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त पटतात. आणि त्याचे रात्रीचे गुण खरंच चांगले आले, सकाळही ताजी गेली, तर तुम्हालाही माघार घ्यावी लागेल, याची तयारी ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा नियम केलात तर तो घरातल्या सगळ्या फोनांना लावा.

वेळेवर आडवं होऊनही दोन-तीन आठवडे रोज तासन्‌तास झोप लागत नसेल, पहाटे छाती धडधडून जाग येत असेल, खाण्यावरून मन उडालं असेल किंवा मूल सतत रडवेलं, गप्प झालं असेल, तर हा वेळापत्रकाचा विषय राहत नाही. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. परीक्षा होईपर्यंत वाट न बघता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि तीन दिवसांची ती नोंद बरोबर न्या. डॉक्टर झोपेबद्दल बहुतेक हेच प्रश्न विचारतील.